अपेक्षित परताव्याचा अंदाज आणि मार्कोविट्झ-पद्धतीची अस्थिरता : एका प्रश्नाचा इतिहास

(१)

मार्च १९५२ मध्ये अमेरिकेतील 'जर्नल ऑफ फायनान्स' या नियतकालिकात हॅरी मार्कोविट्झ यांचा पंधरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. गुंतवणुकीचा विचार एकेका रोख्याच्या गुणावगुणांपुरता मर्यादित न ठेवता रोख्यांच्या संपूर्ण संचाचा करावा, आणि संचाची पारख अपेक्षित परतावा व परताव्याचे प्रचरण या दोन परिमाणांनी करावी, हे त्याचे सार होते. दिलेल्या प्रचरणात सर्वाधिक परतावा देणारे, अथवा दिलेल्या परताव्यासाठी किमान प्रचरण असणारे संच त्यांनी 'कार्यक्षम' मानले. पुढे या विचारातून वित्तशास्त्राची एक मोठी शाखा वाढली, आणि १९९० साली मार्कोविट्झ यांना अर्थशास्त्रातील नोबेल स्मृति-पारितोषिकाचा वाटा मिळाला.

त्या निबंधातील एका मर्यादेकडे मात्र पुढील काळात पुरेसे लक्ष गेले नाही. संचनिवडीचे काम दोन टप्प्यांत होते, असे मार्कोविट्झ यांनी आरंभीच म्हटले होते. निरीक्षण व अनुभव यांवरून रोख्यांच्या भावी कामगिरीविषयी मत बनविणे हा पहिला टप्पा, आणि त्या मतावरून संच निश्चित करणे हा दुसरा. त्यांचा निबंध दुसऱ्या टप्प्यापुरताच होता. पहिल्या टप्प्यासाठी गतकाळातील सरासरी व सहप्रचरणे तात्पुरती वापरता येतील, परंतु अधिक माहितीचा उपयोग करणाऱ्या याहून चांगल्या पद्धती सापडतील, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली होती.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पद्धतीचे प्रात्यक्षिक आहे. त्यासाठी नऊ रोख्यांचे १९३७ ते १९५४ या अठरा वर्षांचे वार्षिक परतावे घेतले आहेत. नऊ रोख्यांसाठी नऊ सरासऱ्या, नऊ प्रचरणे आणि छत्तीस सहप्रचरणे, अशा एकूण चौपन्न राशी लागतात. ज्या शेअरच्या वार्षिक परताव्याचे प्रमाण विचलन शेकडा २० आहे, त्याच्या अठरा वर्षांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी शेकडा ४.७ येते. म्हणजे सरासरी शेकडा ८ निघाली, तर खरी अपेक्षा ४ असण्याची जितकी शक्यता, तितकीच ती १२ असण्याची. गणिताच्या दुसऱ्या टप्प्याला या संदिग्धतेची वार्ता नसते. त्याला ८ हा अंक मिळतो, आणि तो निर्विवाद सत्य समजून ते पुढे चालते. प्रस्तुत प्रश्नाचे मूळ येथे आहे.

(२)

अपेक्षित परताव्यात अल्पसा बदल केला असता संचातील भार एका टोकाहून दुसऱ्या टोकाला का जातात, हे दोन शेअरांच्या उदाहरणाने पाहता येते. दोन्ही शेअरांच्या परताव्यांचे प्रमाण विचलन शेकडा २० व त्यांच्यातील सहसंबंध गुणांक ०.९ आहे असे समजू. एकाच उद्योगातील दोन मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत असे असणे अशक्य नाही. जोखीमरहित व्याजापेक्षा अधिक मिळणारा अपेक्षित परतावा दोहोंचाही शेकडा ८ आहे. अशा स्थितीत दोन शेअरांत काहीच फरक नसल्याने उत्तर उघड आहे : निम्मे भांडवल एकात आणि निम्मे दुसऱ्यात.

आता पहिल्या शेअरचा अंदाज ८ वरून ९ केला, बाकी सर्व तसेच ठेवले. परताव्याचे जोखमीशी गुणोत्तर सर्वाधिक करणारा संच पुन्हा काढला, तर पहिल्या शेअरचा भार शेकडा १०६ येतो आणि दुसऱ्याचा उणे ६. म्हणजे दुसरा शेअर जवळ नसताना उसना घेऊन विकावा आणि त्या पैशांसह सर्व भांडवल पहिल्यात घालावे, असा गणिताचा सल्ला आहे. अंदाज १० केला, तर भार १५६ आणि उणे ५६ होतात. एक-दोन टक्क्यांच्या फरकाने समतोल संच असा पालटून जातो.

याचे कारण समजण्यासाठी दोन शेअरांऐवजी त्यांच्यापासून बनणाऱ्या दोन दिशांचा विचार करणे सोयीचे ठरते. पहिली दिशा बेरजेची : प्रत्येक शेअरमध्ये अर्धा रुपया घालणे. दुसरी वजाबाकीची : पहिल्यात अर्धा रुपया घालणे आणि दुसरा अर्ध्या रुपयाचा विकणे. वरील आकड्यांवरून बेरजेच्या दिशेचे प्रचरण ०.०३८ आणि वजाबाकीच्या दिशेचे केवळ ०.००२ येते. शेअर बरोबरीने चढतात-उतरतात, त्यामुळे एकाची हानी दुसऱ्याच्या विक्रीने जवळजवळ भरून निघते आणि दुसरी दिशा जवळपास निर्धोक दिसते. या दोन दिशांचे परतावे परस्परांशी असंबद्ध आहेत. म्हणून प्रत्येक दिशेत किती गुंतवावे हे स्वतंत्रपणे ठरते, आणि नियम असा की त्या दिशेच्या अपेक्षित परताव्याला तिच्या प्रचरणाने भागावे.

अंदाज ९ आणि ८ असताना बेरजेच्या दिशेचा परतावा शेकडा ८.५ आहे. त्याला ०.०३८ ने भागल्यास २.२४ येतात. वजाबाकीच्या दिशेचा परतावा शेकडा अवघा ०.५ आहे, परंतु त्याला ०.००२ ने भागल्यावर २.५ येतात. अर्ध्या टक्क्याच्या मताने साडेआठ टक्क्यांच्या मतावर मात केली, कारण भाजक एकोणीसपट लहान होता. आव्यूहाच्या भाषेत हेच असे सांगितले जाते की, सहप्रचरण-आव्यूहाचा व्युत्क्रम लहान प्रचरणाच्या दिशांना मोठे करून दाखवितो. सहसंबंध ०.५ असता, तर दोन दिशांच्या प्रचरणांचे प्रमाण तीनास एक राहिले असते आणि ९ व ८ या अंदाजांवर भार ५९ व ४१ आले असते. तेव्हा अस्थिरतेचे मूळ रोख्यांच्या परस्परसादृश्यात आहे. रोखे जितके एकमेकांचे पर्याय, तितका त्यांतील निवडीचा प्रश्न नाजूक.

(३)

भार हलले म्हणून काही बिघडले असे नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. ९ आणि ८ हे अंदाज खरे असतील, तर १०६ आणि उणे ६ हेच योग्य उत्तर आहे. प्रश्न हा की, एका टक्क्याचा तो फरक खरा आहे हे कशावरून ठरवावे? वरील दोन शेअरांच्या परताव्यांतील फरकाचे प्रमाण विचलन वर्षाला सुमारे शेकडा ८.९ आहे. पंचवीस वर्षांच्या आकड्यांवरून काढलेल्या सरासरी फरकाची प्रमाण त्रुटी शेकडा १.८ होते. एका टक्क्याचा फरक दोन प्रमाण त्रुटींइतका ठळक दिसावयाचा असेल, तर ३२० वर्षांचे आकडे हवेत, आणि त्या सर्व काळात कंपन्यांचे स्वरूप बदलता कामा नये.

वार्षिक आकड्यांऐवजी दैनिक आकडे घेऊन ही उणीव भरून काढता येईल काय? रॉबर्ट मर्टन यांनी १९८० साली 'जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स' मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. सरासरी वृद्धिदर, लघुगणकाने मोजला असता, केवळ पहिल्या व शेवटच्या किमतीवर अवलंबून असतो. मधल्या सहस्रावधी किमती नोंदल्याने त्याची अचूकता वाढत नाही. ती फक्त कालावधी वाढल्याने वाढते. प्रचरणाचे तसे नाही. त्याच कालावधीत निरीक्षणे जितकी वाढवावी, तितका प्रचरणाचा अंदाज सुधारत जातो. मार्कोविट्झ-पद्धतीला लागणाऱ्या दोन प्रकारच्या राशींमधील हा भेद मूलगामी आहे. जोखीम बऱ्यापैकी मोजता येते, परतावा मोजणे फार कठीण, आणि भारांवर प्रभाव मात्र परताव्याचाच अधिक.

या प्रभावाचे मोजमाप पुढील दशकात झाले. मायकेल बेस्ट व रॉबर्ट ग्राउअर यांनी १९९१ साली विक्री-बंदीच्या अटीखाली, म्हणजे भार ऋण होऊ न देता, एकाच रोख्याचा अपेक्षित परतावा थोडासा वाढवून पाहिला. तेवढ्याने संचातील निम्मे रोखे बाहेर फेकले जातात, असे त्यांना आढळले. विशेष हे की, संपूर्ण संचाचा अपेक्षित परतावा व प्रमाण विचलन जवळजवळ जसेच्या तसे राहिले. विजय चोप्रा व विल्यम झिंबा यांनी १९९३ साली तीन प्रकारच्या त्रुटींच्या हानीची तुलना केली. मध्यम जोखीम-सहिष्णुता असलेल्या गुंतवणूकदारासाठी सरासरीतील त्रुटी प्रचरणातील त्रुटीच्या सुमारे दहापट महाग पडते, आणि प्रचरणातील त्रुटी सहप्रचरणातील त्रुटीच्या सुमारे दुप्पट.

(४)

बेस्ट व ग्राउअर यांचे दुसरे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण त्यातून अस्थिरतेचे दुसरे अंग दिसते. पूर्वीच्या उदाहरणात दोन्ही शेअरांची खरी अपेक्षा ८ च आहे, आणि गुंतवणूकदाराने चुकून १०६ व उणे ६ हा संच घेतला असे समजू. त्याला परतावा ८ च मिळेल. जोखीम मात्र १९.५ ऐवजी २०.१ पडेल. हानी क्षुल्लक आहे. इष्टतम बिंदूच्या आसपासचा प्रदेश सपाट पठारासारखा असतो. त्यावर एकमेकांपासून फार दूर असलेले संच गुणवत्तेने जवळजवळ सारखे असतात. म्हणूनच नेमका सर्वोच्च बिंदू कोठे आहे हे ठरविणे अवघड, आणि अंदाजातील लहानसा धक्का त्याला दूर ढकलू शकतो.

मग त्रुटीची चिंता कशासाठी? पठार दोन शेअरांपुरते व लहान चुकीपुरते सौम्य असते. चूक वाढली की हानी चुकीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि रोखे वाढले की लहान प्रचरणाच्या दिशांची संख्याही वाढते. शिवाय या दिशांचे प्रचरण स्वतःच नमुन्यावरून काढलेले असते. रोख्यांची संख्या निरीक्षणांच्या संख्येजवळ गेली, की सर्वांत लहान प्रचरणे वास्तवापेक्षाही लहान दिसू लागतात. निरीक्षणे रोख्यांहून कमी असतील, तर काही दिशांचे प्रचरण चक्क शून्य येते आणि व्युत्क्रम काढताच येत नाही. शून्याजवळच्या भाजकाने भागलेला कोणताही अंश अवाढव्य होतो, मग तो अंश केवळ योगायोगाचा का असेना.

जॉब्सन व कॉर्की यांनी १९८१ साली दिलेल्या उदाहरणात ही हानी ठळक दिसते. वीस शेअरांची खरी सरासरी व सहप्रचरणे ज्ञात आहेत असे धरून त्यांनी कृत्रिम नमुने काढले आणि प्रत्येक नमुन्यावरून 'इष्टतम' संच बनविला. खऱ्या राशी माहीत असत्या, तर परताव्याचे जोखमीशी मासिक गुणोत्तर ०.३४ मिळाले असते. वीसही शेअर समान भाराने घेतले असता ते ०.२७ होते. नमुन्यावरून बनविलेल्या संचांचे खरे गुणोत्तर सरासरीने ०.०८ भरले. काहीच गणित न करणाऱ्यापेक्षा गणित करणारा पुष्कळ मागे पडला.

या निकालाला केवळ अचूकतेचा अभाव जबाबदार नाही. त्रुटी दोन्ही बाजूंना सारखी असती व निवड तिच्याविषयी उदासीन असती, तर चुकांनी एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढले असते. इष्टतमीकरण मात्र उदासीन नसते. ज्याचा परतावा अधिक दिसतो, प्रचरण कमी दिसते आणि इतरांशी सहसंबंध ऋण दिसतो, असे रोखे ते वेचून उचलते. नेमके हेच रोखे असे असतात, की ज्यांच्या बाबतीत अंदाज अनुकूल बाजूला चुकला असण्याची शक्यता सर्वाधिक. रिचर्ड मिशो यांनी १९८९ साली 'फायनान्शियल ॲनॅलिस्ट्स जर्नल' मधील लेखात या पद्धतीला त्रुटींचे महत्तमीकरण करणारे यंत्र म्हटले, ते याच अर्थाने.

दोन शेअरांच्या उदाहरणातही हे पडताळता येते. खरी अपेक्षा दोहोंची ८ असताना पंचवीस वर्षांच्या नमुन्यात १० व ८ अशा सरासऱ्या निघाल्या, असे समजा. दोन टक्क्यांचा अथवा त्याहून मोठा फरक, एका बाजूला किंवा दुसऱ्या, चारांतून सुमारे एका नमुन्यात निव्वळ योगायोगाने दिसेल. त्यावरून बनलेला १५६ व उणे ५६ चा संच कागदावर शेकडा ११.१ परताव्याचे वचन देतो, आणि प्रत्यक्षात ८ च देतो. जोखीम मात्र १९.५ वरून २१.७ वर गेलेली असते. वचन व पूर्ती यांतील ही दरी हेच या दोषाचे व्यवहारात ओळखता येणारे लक्षण आहे. नमुन्यातील कार्यक्षम सीमा खऱ्या सीमेच्या सामान्यतः वर दिसते, आणि तिच्यावरून निवडलेले संच खऱ्या सीमेच्या खाली पडतात.

(५)

उपायांचा विचार वित्तशास्त्राच्या बाहेर, संख्याशास्त्रात आधीच सुरू झालेला होता. तीन किंवा अधिक सरासऱ्यांचे एकदम आकलन करावयाचे असल्यास प्रत्येकीसाठी तिची स्वतःची नमुना-सरासरी वापरणे सर्वोत्तम नाही, असा आश्चर्यकारक सिद्धान्त चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला. १९६१ साली विलार्ड जेम्स यांच्यासह त्यांनी सुधारित आकलक स्पष्ट रूपात मांडला. सर्व सरासऱ्या एका समान मूल्याकडे ठराविक प्रमाणात ओढून घेतल्या असता एकूण वर्गित त्रुटी कमी होते, हे त्याचे तात्पर्य. सर्वांत वर दिसणारी सरासरी बहुधा दैवाच्या साहाय्यानेही वर गेलेली असते, आणि ओढून घेण्याने तो दैवाचा वाटा कापला जातो. फिलिप जोरियन यांनी १९८६ साली हा विचार संचनिवडीला लावला. सर्व रोख्यांच्या सरासऱ्या त्यांनी किमान प्रचरणाच्या संचाच्या सरासरीकडे ओढल्या. ओढ पूर्ण केली तर परताव्यांतील भेदच नाहीसे होतात आणि केवळ सहप्रचरणांवर आधारलेला संच उरतो. मर्टन यांच्या निष्कर्षाच्या प्रकाशात ही तडजोड सयुक्तिक आहे.

फिशर ब्लॅक व रॉबर्ट लिटरमन यांनी दुसरा मार्ग घेतला. गोल्डमन सॅक्स या पेढीत काम करीत असताना त्यांनी तो विकसित केला आणि १९९२ साली 'फायनान्शियल ॲनॅलिस्ट्स जर्नल' मध्ये विस्ताराने मांडला. त्यांनी प्रश्न उलटा केला. परताव्यावरून भार काढण्याऐवजी बाजारातील प्रत्यक्ष भार इष्टतम मानावेत, आणि ते इष्टतम ठरावयास परतावे किती असले पाहिजेत हे काढावे. या गणितात व्युत्क्रमाची गरजच पडत नाही, म्हणून ते स्थिर असते. गुंतवणूकदाराचे स्वतःचे मत त्यानंतर येते, आणि त्याला त्या मतावर किती विश्वास आहे हेही सोबत सांगावे लागते.

पूर्वीच्या उदाहरणात बाजारभार ५० व ५० असतील, तर गर्भित परतावे समान, म्हणजे ८ व ८, निघतात. पहिला शेअर दुसऱ्यापेक्षा एक टक्का अधिक देईल असे मत आहे, आणि त्यावरील विश्वास बाजाराच्या मतावरील विश्वासाइतकाच आहे असे धरू. संयोगानंतर फरक अर्धा टक्का उरतो आणि परतावे ८.२५ व ७.७५ होतात. भार सुमारे ८० व २० येतात. पूर्ण मत स्वीकारून ८.५ व ७.५ घेतले असते, तर ते १०९ व उणे ९ झाले असते. मताचा परिणाम राहतो, पण तो विश्वासाच्या मापात राहतो, आणि ज्या रोख्यांविषयी व त्यांच्याशी निगडित रोख्यांविषयी काही मत नाही ते बाजारभारापाशीच थांबतात. तथापि विश्वासाचे माप आकड्यात कसे सांगावे, हा प्रश्न या पद्धतीत शिल्लक राहतोच.

तिसरा उपाय व्यवहारातून आला. भार ऋण होऊ देऊ नयेत, कोणत्याही रोख्यावर ठराविक कमाल मर्यादेपलीकडे भर देऊ नये, अशा अटी व्यवस्थापक पूर्वीपासून घालीत असत. सिद्धान्ताच्या दृष्टीने अशी अट चुकीची, कारण ती खऱ्या इष्टतमापासून दूर नेऊ शकते. रवी जगन्नाथन व तोंगशू मा यांनी २००३ साली दाखविले की, किमान प्रचरणाच्या संचावर ऋण भारांची बंदी घालणे हे सहप्रचरणांच्या अंदाजांना आकुंचित करण्याशी समतुल्य आहे. ज्या रोख्याची इतरांशी सहप्रचरणे मोठी दिसतात त्यालाच ऋण भार मिळतो, आणि ती सहप्रचरणे वाढीव अंदाजलेली असण्याचा संभव असतो. म्हणून चुकीची अटही हितकारक ठरते. परंतु अटींनी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. ९ व ८ या अंदाजांवर विक्री-बंदी घातली, तर उत्तर १०० व ० येते. अवाढव्य भार जातात, त्यांच्या जागी कोपऱ्यात अडकलेला संच येतो, आणि बेस्ट व ग्राउअर यांना दिसलेली उलथापालथ हीच होती.

(६)

या प्रवासाचा हिशेब व्हिक्टर डीमिगेल, लोरेंझो गार्लाप्पी व रमण उप्पल यांनी २००९ साली मांडला. मूळ पद्धत व तिच्या सुधारणा धरून चौदा प्रतिमाने त्यांनी सात आकडेसंचांवर तपासली, आणि सर्व रोख्यांना समान भार देण्याच्या नियमाशी त्यांची तुलना केली. नमुन्याबाहेरील कामगिरीत एकही प्रतिमान त्या साध्या नियमापेक्षा सातत्याने सरस ठरले नाही. अमेरिकी शेअरबाजाराशी जुळणाऱ्या राशी घेऊन त्यांनी असेही काढले की, नमुन्यावर आधारलेल्या मूळ पद्धतीने समान भाराला मागे टाकावयाचे असेल, तर पंचवीस रोख्यांसाठी सुमारे ३००० महिन्यांचे व पन्नास रोख्यांसाठी सुमारे ६००० महिन्यांचे आकडे लागतील. पहिला अवधी अडीचशे वर्षांचा, दुसरा पाचशे वर्षांचा.

यावरून मार्कोविट्झ यांचे गणित चुकीचे होते, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. समान भार चांगला ठरतो तो त्यात काही अंदाज करावाच लागत नाही म्हणून. जेथे रोखे परस्परांहून फार भिन्न आहेत आणि त्यांच्या जोखमीत मोठा फरक आहे, तेथे समान भाराचे हे श्रेष्ठत्व गृहीत धरता येत नाही. दोन शेअरांच्या उदाहरणाने दाखविले ते इतकेच की, दिलेल्या राशींवरून उत्तर काढण्याचा टप्पा जितका तीक्ष्ण, तितकी त्या राशींतील अनिश्चितता सोबत नेणे आवश्यक. १९५२ च्या निबंधाने कामाचे दोन टप्पे वेगळे केले होते. त्यानंतरच्या अर्धशतकातील संशोधनाने ते वेगळे ठेवता येत नाहीत, हे सिद्ध केले. परताव्याचा अंदाज किती चुकू शकतो हे पहिल्या टप्प्याने दुसऱ्याला सांगितले नाही, तर दुसरा टप्पा त्या चुकीवरच आपला संच उभारतो.